उरलेल्या टक्क्यांचा दोषी कोण?

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे पाच संच आहेत. एकूण क्षमता १३४० मेगावॉट. हाकेच्या अंतरावर कोराडीचे केंद्र, आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनीच्या कोळसा खाणी, रस्त्यावर कोळशाचे आणि राखेचे ट्रक. या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हवेत काय आहे हे सांगायला यंत्राची गरज पडत नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे ते सांगतात. प्रश्न असतो तो पुढचा. दवाखान्यात खोकला आणि दम घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या संख्येत जी चढउतार दिसते, तिच्यातली किती या हवेमुळे?

या प्रश्नावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, ‘अभ्यासात संबंध सिद्ध झाला आहे, आता बोलायचे काय उरले?’ दुसरा म्हणतो, ‘अहो, हवेचा वाटा फक्त दोन टक्के निघाला. उरलेले ९८ टक्के इतर कारणांमुळे आहेत.’ गंमत अशी की, ही दोन्ही वाक्ये एकाच अहवालातल्या एकाच छोट्या तक्त्यावरून बोलता येतात आणि दोन्ही चुकीची असू शकतात. त्या तक्त्याला संख्याशास्त्रात ‘अ‍ॅनोव्हा’ म्हणतात, मराठीत प्रचरण विश्लेषण. अहवालाच्या परिशिष्टात तो तीन ओळींत बसलेला असतो आणि बहुतेक वाचक तो ओलांडून निष्कर्षावर जातात. तो वाचता येणे फारसे अवघड नाही. बेरीज-वजाबाकी आणि वर्ग एवढे गणित पुरते.

त्यासाठी एक छोटे उदाहरण घेऊ. पुढचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. ते खापरखेड्यातले किंवा कुठल्याच दवाखान्यातले नाहीत. समजा, पाच दिवस हवेतल्या बारीक धुळीचे, म्हणजे पीएम १० चे, २४ तासांचे सरासरी प्रमाण मोजले. ते घनमीटरमागे ६०, ८०, १००, १२० आणि १४० मायक्रोग्रॅम आले. आपल्या देशात २४ तासांसाठी ठरवलेली मर्यादा १०० आहे, म्हणजे दोन दिवस मर्यादेच्या आत, एक दिवस बरोबर मर्यादेवर आणि दोन दिवस वर. त्याच पाच दिवशी ओपीडीत श्वासाच्या तक्रारीचे अनुक्रमे २५, २०, ३०, ४० आणि ३५ रुग्ण आले.

रुग्णांची रोजची सरासरी ३०. हवेबद्दल काहीच माहीत नसते, तर कोणत्याही दिवसासाठी सर्वांत शहाणा अंदाज हाच असता : ३०. प्रत्यक्षात प्रत्येक दिवस या अंदाजापासून थोडा हलला. पहिला ५ ने खाली, दुसरा १० ने खाली, तिसरा बरोबर तीसवर, चौथा १० ने वर, पाचवा ५ ने वर. या फरकांची सरळ बेरीज शून्यच येते, कारण सरासरीचा अर्थच तो आहे. म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घेतात : २५ + १०० + ० + १०० + २५, म्हणजे २५०. ही झाली एकूण चढउतार. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत हाच आकडा असतो. वाटणी करायची ती याची.

आता या पाच बिंदूंमधून एक सरळ रेषा काढायची. डोळ्यांनी नव्हे, तर बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशा नियमाने. या उदाहरणात ती रेषा सांगते की पीएम १० २० ने वाढले की रुग्ण ४ ने वाढतात. म्हणजे पाच दिवसांसाठी रेषेचे अंदाज येतात २२, २६, ३०, ३४ आणि ३८.

चौथा दिवस पाहा. सरासरी ३०, रेषेचा अंदाज ३४, प्रत्यक्ष रुग्ण ४०. सरासरीपासूनचे १० चे अंतर दोन तुकड्यांत मोडले. सरासरीपासून रेषेपर्यंत ४, आणि रेषेपासून प्रत्यक्षापर्यंत ६. पहिला तुकडा रेषेने समजावला, दुसरा रेषेला समजावता आला नाही. पहिल्या दिवशी रेषेने ८ ने खाली जायला सांगितले, रुग्ण मात्र पाचनेच खाली गेले, म्हणजे ३ चा फरक उलट बाजूला. असे पाचही दिवसांचे करायचे. रेषेच्या तुकड्यांच्या वर्गांची बेरीज : ६४ + १६ + ० + १६ + ६४ = १६०. उरलेल्या तुकड्यांच्या वर्गांची बेरीज : ९ + ३६ + ० + ३६ + ९ = ९०. आणि १६० अधिक ९० बरोबर २५०.

हा मेळ वाटतो तितका साधा नाही. एकेका दिवसाचे वर्ग जुळत नाहीत. चौथ्या दिवशी एकूण फरकाचा वर्ग १००, पण तुकड्यांचे वर्ग १६ आणि ३६, म्हणजे ५२ च. पहिल्या दिवशी उलट, एकूण २५ आणि तुकड्यांचे ७३. तरी पाच दिवसांची गोळाबेरीज केली की कमी-जास्त एकमेकांत जिरते आणि हिशेब पैशापर्यंत मिळतो. याचे कारण रेषा काढण्याच्या नियमात आहे. कमीत कमी वर्गांची रेषा अशी बसते की उरलेल्या तुकड्यांचा रेषेच्या तुकड्यांशी कोणताही सरळ संबंध शिल्लक राहत नाही. कोणी अंदाजपंचे रेषा ओढून असा तक्ता मांडला, तर बेरीज जुळणार नाही. एखाद्या अहवालात पहिल्या दोन ओळी मिळून तिसरी ओळ येत नसेल, तर कुठेतरी चूक आहे, एवढे कोणताही वाचक कागदावर तपासू शकतो.

तक्ता आता असा दिसतो :

| चढउतार कशाची | वर्गांची बेरीज | मोकळे आकडे | सरासरी वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| रेषेने समजावलेली | १६० | १ | १६० | ५.३३ |
| अवशेष | ९० | ३ | ३० | |
| एकूण | २५० | ४ | | |

‘मोकळे आकडे’ म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या डिग्रीज ऑफ फ्रीडम. पाच दिवसांचे पाच फरक, पण त्यांची बेरीज शून्य असायलाच हवी. म्हणून चार ठरले की पाचवा आपोआप ठरतो. एकूण मोकळे आकडे चार. रेषेचा उतार हा एकच आकडा असल्याने त्याच्या वाट्याला एक गेला, अवशेषाला तीन उरले. वर्गांची बेरीज या आकड्यांनी भागली की सरासरी वर्ग मिळतो. रेषेचे १६० आणि अवशेषाचे ३० यांचे गुणोत्तर ५.३३. सर रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ही पद्धत घडवली आणि त्यांच्याच नावाचे आद्याक्षर या गुणोत्तराला मिळाले.

तक्त्यातून दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात आणि ती वेगवेगळी ठेवली नाहीत तर घोळ होतो. पहिला प्रश्न : या दिवसांच्या चढउतारीतला किती भाग रेषेने समजावला? १६० भागिले २५०, म्हणजे ६४ टक्के. यालाच आर-स्क्वेअर म्हणतात. दुसरा प्रश्न : हवा आणि रुग्ण यांचा काहीच संबंध नसता, तरी केवळ योगायोगाने एवढी चांगली रेषा मिळू शकली असती का? त्याचे उत्तर एफ देतो. पाच दिवसांच्या माहितीसाठी, योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर एफ १०.१३ च्या वर लागतो. आपला ५.३३ आहे. म्हणजे ६४ टक्के ‘समजावूनही’ हा अभ्यास खात्रीने काही सांगू शकत नाही. योगायोगाने असे घडण्याची शक्यता दहात एक एवढी आहे.

आता उलटी बाजू. समजा वर्षभराचे ३६५ दिवस घेतले आणि रेषेने केवळ दोन टक्के चढउतार समजावली. एफ किती? ०.०२ भागिले ०.९८, गुणिले ३६३. उत्तर सुमारे ७.४. एवढ्या दिवसांसाठी उंबरठा ३.९ च्या आसपास असतो. म्हणजे दोन टक्क्यांचा हा संबंध नेहमीच्या कसोटीवर स्पष्टपणे उतरतो. सुरुवातीचे दोघे वक्ते इथे समोरासमोर येतात. एक फक्त एफ वाचतो आणि ‘सिद्ध’ म्हणतो. दुसरा फक्त टक्का वाचतो आणि ‘नगण्य’ म्हणतो. तक्ता मात्र म्हणतो : संबंध बहुधा आहे, आणि रोजच्या चढउतारीत त्याच्याखेरीज आणखी पुष्कळ काही आहे. ‘बहुधा’ म्हणण्यालाही कारण आहे. आजची हवा कालच्यासारखीच असते आणि आजची ओपीडीही. त्यामुळे ३६५ दिवस म्हणजे ३६५ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. अवशेषाचे मोकळे आकडे कागदावर ३६३ दिसतात, त्यांचे खरे वजन त्याहून कमी असते आणि एफ फुगलेला असू शकतो.

‘आणखी पुष्कळ काही’ म्हणजे काय, हे कोणत्याही सरकारी दवाखान्यातल्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्याला विचारावे. रविवारी ओपीडी बंद, म्हणून सोमवारी रांग दुप्पट. आठवडी बाजाराच्या दिवशी गावोगावचे लोक बाजाराबरोबर दवाखानाही उरकतात. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत अंगावर काढतात. विषाणूजन्य तापाची साथ आली की हवा कशीही असो, खोकला वाढतो. आपल्या उदाहरणातला चौथा दिवस सोमवार असेल, तर ते वरचे ६ रुग्ण एवढ्याने समजावले जातील. तक्त्यातल्या ९० या आकड्यात हे सगळे एकत्र पडून असते.

पण त्यात आणखीही काही असते आणि नेमके तेच विसरले जाते. हवेचा परिणाम त्याच दिवशी दिसतो असे नाही. मंगळवारची हवा गुरुवारी दमा उठवू शकते. मग गुरुवारचा तो रुग्ण मंगळवारच्या हवेचा असूनही अवशेषात मोजला जातो. मोजणीचे यंत्र एका चौकात आणि रुग्ण चार किलोमीटरवरच्या वस्तीतला असेल, तर त्याने घेतलेला श्वास यंत्राला माहीतच नसतो. तोही फरक अवशेषात. हवेचा परिणाम एका मर्यादेनंतर झपाट्याने वाढत असेल, तर सरळ रेषेला तो वळसा पकडता येत नाही. ती चूकही अवशेषातच. म्हणजे ‘अवशेष’ या शब्दाचा अर्थ ‘हवेमुळे नसलेले’ असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी, त्या यंत्राने मोजलेल्या आकड्यावरून काढलेल्या या एका सरळ रेषेने न समजावलेले. उरलेल्या ९८ टक्क्यांचा दोष साथीवर, विडीवर किंवा चुलीवर टाकायचा असेल, तर तो वेगळा सिद्ध करावा लागेल. हा तक्ता त्या कामाचा नाही.

हेच न्यायाने दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. रेषेचे १६० म्हणजे धुराचे १६० असेही नाही. नागपूरच्या हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकते, धूळ आणि धूर वर जात नाहीत, पीएम १० चढते. त्याच हिवाळ्यात सर्दी-खोकल्याच्या साथीही येतात. दोन्ही एकत्र वाढले की रेषा सारे श्रेय पीएम १० ला देते. शिवाय पीएम १० म्हणजे फक्त चिमणीची राख नव्हे. त्यात रस्त्याची धूळ आहे, खाणीची आहे, पेटवलेल्या कचऱ्याची आणि शेतातल्या धसकटांची आहे. एकाच गोष्टीवर बेतलेल्या साध्या रिग्रेशनला हे वेगळे करता येत नाही. ऋतू, वार, तापमान हिशेबात घेणारी पुढची पायरी लागते. ती घेतल्यावर हवेचा वाटा टिकतो की विरघळतो, हे पाहिल्याशिवाय ‘सिद्ध’ हा शब्द वापरू नये.

खापरखेड्यासारख्या गावासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. आपले उदाहरण थोडे बदलू. धुळीचा रुग्णांवरचा परिणाम तोच ठेवू : २० ने वाढ, ४ रुग्ण जास्त. इतर कारणांचे फरकही तेच ठेवू. फक्त हवा पाचही दिवस जवळपास सारखी होती असे धरू : ९०, ९५, १००, १०५ आणि ११०. आता रेषेचे अंदाज २८, २९, ३०, ३१, ३२ आणि प्रत्यक्ष रुग्ण ३१, २३, ३०, ३७, २९ होतात. सरासरी तीच, ३०. अवशेष तोच, ९०. पण रेषेची बेरीज ४ + १ + ० + १ + ४, म्हणजे फक्त १० राहते. एकूण १००. वाटा ६४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, एफ ५.३३ वरून ०.३३ वर.

धुळीने होणारी इजा तसूभरही कमी झालेली नाही, रुग्ण तेवढेच आहेत, तरी तक्त्यातला धुळीचा वाटा जवळपास नाहीसा झाला. कारण तक्ता इजा मोजतच नाही. तो चढउतार वाटतो. जी गोष्ट रोज सारखीच वाईट आहे, तिची चढउतार नसते आणि जिची चढउतार नाही तिला तक्त्यात वाटा मिळत नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा सिगारेटच्या उदाहरणाने मांडला होता. देशातला प्रत्येक माणूस रोज वीस सिगारेटी ओढत असेल, तर कितीही काटेकोर अभ्यास केला तरी फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक असल्याचाच निष्कर्ष निघेल. सगळेच ओढतात म्हटल्यावर माणसामाणसातला फरक सिगारेट समजावू शकत नाही. फरक आनुवंशिकतेचाच दिसणार.

राख साठवणाऱ्या बंधाऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या चार-पाच गावांचीच तुलना करून, ‘गावागावांत फरक दिसत नाही, म्हणजे हवेचा परिणाम नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते नेमकी हीच चूक करत असते. अशा अभ्यासाला दूरचे, स्वच्छ हवेचे गाव तुलनेला हवे, किंवा संच बंद असतानाचे आणि चालू असतानाचे दिवस हवेत. हवेच्या आकड्यांची झेप मोठी असल्याशिवाय रेषेला पकड मिळत नाही. म्हणून वाट्याचा टक्का वाचण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा : हवेचे आकडे कुठपासून कुठपर्यंत होते?

मग या तक्त्यावरून बोलायचे तरी काय? धोरणासाठी उपयोगाचा आकडा टक्का नाही, उतार आहे. वीस मायक्रोग्रॅममागे चार रुग्ण, हा आकडा आपल्या दोन्ही उदाहरणांत तोच राहिला. त्याच्यासोबत त्याची अनिश्चितता सांगायला हवी आणि ती अवशेषाच्या त्या ३० मधूनच निघते. पहिल्या उदाहरणात ती मोजली तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा दीड रुग्ण कमी ते साडेनऊ रुग्ण जास्त, इतकी रुंद येते. पाच दिवसांत यापेक्षा जास्त कळत नाही, हे त्यातून प्रामाणिकपणे दिसते. ‘सिद्ध झाले’ आणि ‘नगण्य आहे’ या दोन्ही घोषणांपेक्षा ते वाक्य गावाच्या जास्त कामाचे आहे, कारण त्यावरून किती दिवसांची मोजणी आणखी हवी हे ठरवता येते. शिवाय चार रुग्ण हा आकडा टक्क्याने लहान दिसला, तरी तो वर्षाच्या सगळ्या दिवसांवर आणि सगळ्या वस्तीवर पसरतो. दवाखान्याला नेब्युलायझर किती लागतील, खाटा किती लागतील, हे उतार सांगतो. आर-स्क्वेअर सांगत नाही.

वीज प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, तेव्हा लोकांपुढे जाडजूड अहवाल ठेवला जातो आणि निष्कर्षाचे एखादे वाक्य वाचून दाखवले जाते. असा अहवाल कोणीही केलेला असो, प्रकल्पाने, शासनाने किंवा विरोध करणाऱ्या संस्थेने, त्यात चार गोष्टी छापणे बंधनकारक करावे. तीन ओळींचा पूर्ण तक्ता. हवेच्या आकड्यांची किमान आणि कमाल मर्यादा. उतार आणि त्याची अनिश्चितता. आणि दिवसागणिक उरलेल्या फरकांचा आलेख. या शेवटच्या आलेखात सोमवारचे सगळे ठिपके वर दिसले, किंवा हिवाळ्याचे एका बाजूला गोळा झाले, तर न शिकलेल्या माणसालाही कळते की अवशेषात अजून काहीतरी ओळखू येण्याजोगे शिल्लक आहे. दवाखान्यांच्या रोजच्या नोंदी, रुग्णांची नावे वगळून, तारीखवार खुल्या केल्या तर हा हिशेब गावातले बी.एस्सी.चे पोरही वहीवर करू शकेल.

तोवर एवढे तरी व्हावे. पुढच्या सुनावणीत कोणी ‘फक्त दोन टक्के’ म्हणाले, तर त्यांना शांतपणे विचारावे, कशाचे दोन टक्के? रुग्णांचे, की रुग्णसंख्येतल्या चढउतारीचे? या दोन गोष्टी एक नाहीत, आणि उत्तर देणाऱ्याला तो फरक माहीत आहे की नाही, हे त्याच क्षणी कळेल.